पीएफच्या व्याजाचा ताळा स्वतः कसा करायचा: महिन्याच्या चालू शिल्लकेवरून वर्षाच्या ओळीपर्यंत

पासबुकात व्याजाची ओळ उमटली की इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत एकच प्रश्न फिरतो: "इतकंच कसं?" मग कुणी मोबाइलवर शेवटच्या शिल्लकेचे सव्वाआठ टक्के काढतो, कुणी सगळ्या जमेवर टक्के लावतो, आणि उत्तर जुळले नाही की पीएफवाल्यांनी पैसे खाल्ले असे ठरते. बहुतेक वेळा पासबुक बरोबर असते आणि गणित चुकलेले असते. पण कधीकधी पासबुकही चुकते, आणि आपलाच हिशेब कच्चा असेल तर ती चूक हातातून निसटते.

व्याज दर महिन्याच्या चालू शिल्लकेवर मोजले जाते, पण खात्यात वर्षातून एकदाच जमा होते. नियम एवढाच आहे. घोळ होतो तो कोणती रक्कम कोणत्या महिन्यापासून धरायची यात. म्हणून खाली २०२४-२५ या वर्षाचे एक नमुना खाते घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवले आहे. तुमचे पासबुक शेजारी उघडून त्याच क्रमाने जा.

## १. आधी हाताशी काय हवे

पहिली गोष्ट, संपूर्ण वर्षाचे पासबुक. ते `passbook.epfindia.gov.in` वर किंवा उमंग अॅपमधून पीडीएफ म्हणून उतरवता येते. सदस्य पोर्टलवर आता पासबुक लाइट नावाची छोटी आवृत्तीही दिसते. ती शिल्लक पाहायला ठीक आहे, पण ताळा करायला प्रत्येक महिन्याची ओळ लागते, म्हणून मोठे पासबुकच घ्या. नोंदवलेल्या मोबाइलवरून `EPFOHO UAN MAR` असा एसएमएस 7738299899 वर पाठवला तर शिल्लक मराठीत येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते सोयीचे आहे, पण त्या संदेशावरून व्याज तपासता येत नाही.

दुसरी गोष्ट, पगाराच्या पावत्या. इथे लोक हमखास एप्रिल ते मार्चच्या पावत्या गोळा करतात. तुम्हाला मार्च ते फेब्रुवारीच्या हव्यात. कारण दुसऱ्या टप्प्यात येईल.

तिसरी गोष्ट, त्या वर्षाचा जाहीर दर. २०२०-२१ ला ८.५ टक्के, २०२१-२२ ला ८.१, २०२२-२३ ला ८.१५, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांना ८.२५ टक्के. जुने वर्ष तपासताना चालू दर लावू नका.

शेवटी मेंबर आयडी नीट वाचा. यूएएन एकच असला तरी प्रत्येक नोकरीचा मेंबर आयडी वेगळा असतो आणि प्रत्येकाचे पासबुक वेगळे. इंदूरच्या कार्यालयातले आयडी `MPIND` ने सुरू होतात. आपल्याकडे निम्म्या घरांत कुणी ना कुणी पुण्याला नोकरी करून परत आलेले असते; त्यांच्या यादीत `PUPUN` ने सुरू होणारा एक आयडी असतो. दोन्हींची शिल्लक एकत्र करून व्याज काढू नका. एका आयडीचा ताळा पूर्ण करा, मग दुसऱ्याचा.

खबरदारी: काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तुमचे खाते तसे असेल तर सरकारी पासबुकात महिन्यांच्या ओळी मिळणार नाहीत. कंपनीकडून वार्षिक उतारा मागून घ्या. ट्रस्टला सरकारी दरापेक्षा कमी व्याज देता येत नाही, त्यामुळे हाच ताळा तिथेही किमान पातळी तपासायला उपयोगी पडतो.

## २. पासबुकाचे वर्ष ओळखा

मार्चचा पगार हातात येतो एप्रिलच्या सुरुवातीला, आणि त्याचा पीएफ मालकाने भरायचा असतो १५ एप्रिलपर्यंत. म्हणजे मार्च २०२४ च्या पगारातला पीएफ खात्यात पडतो एप्रिल २०२४ मध्ये, अर्थात नव्या वर्षात. म्हणून २०२४-२५ च्या पासबुकातली पहिली जमा मार्च २०२४ च्या पगाराची असते आणि शेवटची फेब्रुवारी २०२५ च्या पगाराची.

पासबुकात हे स्पष्ट लिहिलेले असते, फक्त वाचायची सवय नसते. पगाराच्या महिन्याच्या रकान्यात `Mar-2024` दिसते आणि तपशिलात `Cont. For Due-Month 042024`. पहिला महिना पगाराचा, दुसरा भरण्याचा. व्याजाच्या हिशेबात आपल्याला दुसरा महिना लागतो.

ज्यांची पगारवाढ एप्रिलमध्ये होते त्यांच्या हे विशेष लक्षात येत नाही. नवा पगार धरून ते १२ ने गुणतात आणि वर्षाची एकूण जमा पासबुकापेक्षा जास्त येते. मग मालकाने एका महिन्याचा पीएफ कमी भरला असा संशय येतो. त्याने काही कमी भरलेले नसते. पहिली ओळ जुन्या पगाराची असते.

तपासणी: पासबुकात बारा जमेच्या ओळी आहेत ना, हे बोटाने मोजा. अकरा असतील तर व्याजाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ती हरवलेली ओळ कुठल्या महिन्याची ते शोधा. तारखेचा रकानाही पाहा. एखाद्या ओळीची तारीख इतरांपेक्षा महिना-दोन महिने पुढची असेल तर तिच्यापुढे पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढे फरक निघाला तर पहिली शंका त्या ओळीवर घ्यायची.

## ३. दोन रकाने वेगळे, तिसरा बाजूला

पासबुकात `Employee Share`, `Employer Share` आणि `Pension Contribution` असे तीन रकाने असतात. पहिल्या दोघांवर व्याज मिळते. तिसरा पेन्शन योजनेचा. त्यावर तुमच्या खात्यात व्याज जमा होत नाही, आणि पासबुकात त्याच्यापुढे व्याजाचा आकडा दिसणार नाही. "मालक माझ्याइतकेच भरतो, मग त्याच्या बाजूची शिल्लक निम्मी कशी?" या प्रश्नाचे उत्तरही याच रकान्यात आहे.

आपल्या नमुन्यातल्या ताई सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात कामाला आहेत असे धरू. मार्च २०२४ पर्यंत पीएफसाठी धरला जाणारा पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, १८,००० रुपये होता. एप्रिल २०२४ पासून तो २०,००० झाला.

२०,००० वर त्यांचे स्वतःचे १२ टक्के होतात २,४०० रुपये. मालकही २,४०० देतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात. तो हिस्सा जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर मोजला जातो, म्हणून १,२५०. मालकाच्या रकान्यात उरतात १,१५०. मार्चच्या ओळीत मात्र आकडे जुन्या पगाराचे: ताईंचे २,१६०, पेन्शनला तेच १,२५०, आणि मालकाच्या रकान्यात ९१०.

वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक `OB Int. Updated upto 31/03/2024` या ओळीवर असते. ताईंच्या स्वतःच्या रकान्यात २,१०,००० आणि मालकाच्या रकान्यात ९८,००० आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी आजारपणासाठी ४०,००० रुपये उचलले. ते त्यांच्या स्वतःच्या रकान्यातून वजा झाले.

स्वेच्छेने जास्तीचा पीएफ कापून घेत असाल तर तो तुमच्याच रकान्यात मिळून येतो आणि त्याला हाच दर, हीच पद्धत लागते. तुमची स्वतःची वर्षाची जमा अडीच लाखांच्या वर गेली असेल तर पासबुकात करपात्र आणि करमुक्त अशी फोड दिसेल. तेव्हा दोन्ही भागांचा ताळा वेगवेगळा करावा लागतो.

## ४. प्रत्येक महिन्याची व्याजाची शिल्लक काढा

सगळी मेख या टप्प्यात आहे. इथे घाई केली तर पुढे कितीही नीट गुणाकार केला तरी उपयोग नाही. पीएफ योजनेच्या परिच्छेद ६० मध्ये तीन गोष्टी सांगितल्या आहेत.

गेल्या वर्षअखेरची शिल्लक, जर तिला हात लावला नसेल, तर पूर्ण १२ महिने व्याज कमावते.

वर्षात जमा झालेली रक्कम, जमा झाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून व्याज कमावते. एप्रिलमध्ये पडलेला पीएफ मेपासून मार्चपर्यंत ११ महिने, मेमध्ये पडलेला १० महिने, असे उतरत उतरत मार्चमध्ये पडलेल्या पीएफला त्या वर्षी शून्य महिने. त्याचे व्याज पुढच्या वर्षात सुरू होते.

वर्षात काढलेली रक्कम, काढली त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरपर्यंतच व्याज कमावते. नोव्हेंबरमध्ये काढलेल्या पैशांना एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने व्याज मिळाले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचे पाच महिने गेले.

दुसरा आणि तिसरा नियम शेजारी ठेवून पाहा. येणारा पैसा पुढच्या महिन्यापासून मोजला जातो, जाणारा पैसा त्याच महिन्यापासून वजा होतो. दोन्ही बाजूंनी महिना तुमच्या विरुद्ध जातो. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेकांचा आकडा पासबुकापेक्षा थोडा जास्त येतो.

म्हणजे कोणत्याही महिन्याची व्याजाची शिल्लक अशी काढायची: आदल्या महिन्याची व्याजाची शिल्लक घ्या, आदल्या महिन्यात पडलेली जमा त्यात मिळवा, आणि या महिन्यात काढलेली रक्कम वजा करा. ताईंच्या स्वतःच्या रकान्याचा तक्ता असा होतो:

| महिना | त्या महिन्यात जमा | त्या महिन्यात काढले | व्याजाची शिल्लक |
|---|---|---|---|
| एप्रिल २०२४ | २,१६० | – | २,१०,००० |
| मे | २,४०० | – | २,१२,१६० |
| जून | २,४०० | – | २,१४,५६० |
| जुलै | २,४०० | – | २,१६,९६० |
| ऑगस्ट | २,४०० | – | २,१९,३६० |
| सप्टेंबर | २,४०० | – | २,२१,७६० |
| ऑक्टोबर | २,४०० | – | २,२४,१६० |
| नोव्हेंबर | २,४०० | ४०,००० | १,८६,५६० |
| डिसेंबर | २,४०० | – | १,८८,९६० |
| जानेवारी २०२५ | २,४०० | – | १,९१,३६० |
| फेब्रुवारी | २,४०० | – | १,९३,७६० |
| मार्च | २,४०० | – | १,९६,१६० |

नोव्हेंबरची ओळ पुन्हा वाचा. ऑक्टोबरच्या २,२४,१६० मध्ये ऑक्टोबरची जमा २,४०० मिळवली, तेव्हा २,२६,५६० झाले. त्यातून ४०,००० गेले. नोव्हेंबरचे स्वतःचे २,४०० अजून यात नाहीत, ते डिसेंबरच्या ओळीत येतात.

खबरदारी: महिन्याचे व्याज शिल्लकेत मिळवू नका. आरडीची सवय असलेले लोक एप्रिलचे व्याज काढून मेच्या शिल्लकेत टाकतात आणि पुढे व्याजावर व्याज चढवत जातात. पीएफमध्ये वर्षभर व्याज बाजूला साठते आणि ३१ मार्चलाच मुद्दलात मिसळते. २,१०,००० वर दरमहा चक्रवाढ केली तर वर्षाला सुमारे ६७० रुपये जास्त येतात, आणि ते तुम्हाला मिळणार नसतात.

## ५. बेरीज एकदा, टक्के एकदा

आता बारा महिन्यांच्या व्याजाच्या शिल्लकांची बेरीज करा. वरच्या तक्त्याची बेरीज २४,७५,७६० येते. ती ८.२५ ने गुणून १२०० ने भागा. १२०० यासाठी की टक्क्याचे १०० आणि वर्षाचे १२ महिने एकाच भागाकारात उरकतात. उत्तर १७,०२०.८५. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरतात, म्हणून १७,०२१.

प्रत्येक महिन्याचे व्याज वेगळे काढून, प्रत्येक वेळी रुपया पूर्ण करून बेरीज केली तर रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो. रुपया पूर्ण करायचा तो शेवटी, एकदाच.

संगणकावर करत असाल तर `B` रकान्यात त्या महिन्याची जमा, `C` मध्ये काढलेली रक्कम आणि `F1` मध्ये वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक लिहा. एप्रिल दुसऱ्या ओळीत आणि मार्च तेराव्या ओळीत ठेवा.

```
D2:  =F1-C2
D3:  =D2+B2-C3      (D13 पर्यंत खाली ओढा)
F2:  =ROUND(SUM(D2:D13)*8.25/1200,0)
F3:  =F1+SUM(B2:B13)-SUM(C2:C13)+F2
```

`F2` हे वर्षाचे व्याज आणि `F3` ही वर्षअखेरची शिल्लक. `D3` मध्ये `B3` ऐवजी `B2` आहे, ते चुकून लिहिलेले नाही. जमा एक महिना मागची आणि काढलेली रक्कम चालू महिन्याची, हा चौथ्या टप्प्यातला नियम त्या एका ओळीत बसला आहे. अनेकजण ते "सुधारून" `B3` करतात आणि मग आकडा जुळत नाही.

कागदावरच करायचे असेल तर बारा ओळी न मांडताही जमते. सुरुवातीची शिल्लक गुणिले १२, म्हणजे २५,२०,०००. मार्चच्या पगाराचे २,१६० गुणिले ११, म्हणजे २३,७६०. उरलेल्या अकरा जमा सारख्या आहेत आणि त्यांचे महिने १० पासून ० पर्यंत, एकूण ५५. म्हणून २,४०० गुणिले ५५, म्हणजे १,३२,०००. यातून ४०,००० गुणिले ५, म्हणजे २,००,००० वजा. बेरीज पुन्हा २४,७५,७६० च येते. मी स्वतः दोन्ही रीतींनी करतो. एका रीतीतली चूक दुसरीत लपत नाही.

## ६. मालकाचा रकाना

इथे काही नवे नाही. ९८,००० गुणिले १२ म्हणजे ११,७६,०००. ९१० गुणिले ११ म्हणजे १०,०१०. १,१५० गुणिले ५५ म्हणजे ६३,२५०. बेरीज १२,४९,२६०, आणि व्याज ८,५८८.६६, म्हणजे ८,५८९ रुपये.

दोन्ही रकाने मिळून वर्षाचे व्याज २५,६१० रुपये. सुरुवातीची शिल्लक आणि वर्षभराची सगळी जमा एकत्र करून सरसकट सव्वाआठ टक्के लावले असते तर २८,८८५ आले असते. ३,२७५ रुपयांचा हा फरक पाहूनच लोक तक्रार करायला धावतात.

## ७. मधेच पैसे काढले असतील तर

पीएफमधून काढलेल्या पैशांवर बँकेच्या कर्जासारखे व्याज भरावे लागत नाही, त्यामुळे ते फुकटचे वाटतात. ताईंच्या ४०,००० चा त्या वर्षाचा खर्च पाच महिन्यांचे गेलेले व्याज, म्हणजे १,३७५ रुपये. पुढच्या वर्षी तो पूर्ण बारा महिन्यांचा होईल.

महिना ठरतो तो दावा मंजूर होऊन रक्कम खात्यातून गेल्याच्या तारखेवरून. अर्ज कधी केला याचा इथे संबंध नाही. पासबुकात काढलेल्या रकमेपुढे `Claim: Against PARA 68J` असा शेरा असतो. `68J` हा आजारपणाचा परिच्छेद, घरासाठी किंवा लग्नासाठी वेगळा असतो. त्या ओळीची तारीख घ्या. ऑक्टोबरच्या अखेरीस अर्ज केला आणि रक्कम नोव्हेंबरमध्ये गेली, तर हिशेबात नोव्हेंबर. एका महिन्याच्या चुकीने ४०,००० वर २७५ रुपयांचा फरक पडतो.

कोणत्या रकान्यातून पैसे गेले तेही पाहा. काही कारणांसाठी फक्त तुमच्या हिश्शातून, काहींसाठी दोन्हींतून रक्कम जाते. वजाबाकी चुकीच्या रकान्यातून केली तर दोन्ही रकाने चुकतात, आणि गंमत म्हणजे एकूण बेरीज मात्र जुळते. म्हणून ताळा रकान्यानिहाय करायचा.

लक्षात घ्या: ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने परिच्छेद ६०(२)(ब) मध्ये बदल मंजूर केला, ज्यानुसार व्याज आदल्या महिन्याच्या अखेरपर्यंत न थांबता दावा निकाली निघाल्याच्या तारखेपर्यंत द्यायचे. आपला नमुना त्याआधीचा आहे. त्यानंतर पैसे काढले असतील आणि पासबुकात त्या महिन्याच्या काही दिवसांचे व्याज जास्त दिसले, तर ते या बदलामुळे असू शकते.

## ८. पासबुकाशी जुळवा, आणि फरकाचा आकडा वाचा

वर्षाच्या शेवटी `Int. Updated upto 31/03/2025` ही ओळ शोधा. ताईंच्या पासबुकात तिथे १७,०२१ आणि ८,५८९ असायला हवेत. त्याखाली वर्षअखेरची शिल्लक: स्वतःच्या रकान्यात २,१५,५८१ आणि मालकाच्या रकान्यात १,२०,१४९.

ती ओळ अजून आलीच नसेल तर घाबरू नका. दर आधी विश्वस्त मंडळ सुचवते, मग अर्थ मंत्रालय मान्यता देते, त्यानंतर खात्यांत व्याज चढते. २०२४-२५ चा दर मंडळाने २८ फेब्रुवारी २०२५ ला सुचवला आणि मंत्रालयाची मान्यता मे महिन्यात आली. व्याजाची नोंद जून-जुलैत झाली तरी ती ३१ मार्चचीच धरली जाते, त्यामुळे पुढच्या वर्षाची सुरुवात २,१५,५८१ वरूनच होते. उशिरामुळे व्याजावरचे व्याज बुडत नाही.

ओळ आली आणि आकडा जुळला नाही, तर पासबुकाला दोष देण्याआधी फरक किती आहे ते पाहा. ताईंच्या रकान्यात चुकांचे ठसे असे दिसतील:

- फरक १८ रुपयांचा असेल तर पहिली ओळ मार्चच्या पगाराची धरलेली नाही. सगळ्या बारा जमा नव्या पगाराने मोजल्या आहेत. सूत्रात `B2` च्या जागी `B3` आले असेल तरी इतकाच फरक पडतो.
- फरक १९६ रुपयांचा असेल तर प्रत्येक जमेला एक महिना जास्त दिला आहे. जमा पडलेल्या महिन्यापासूनच व्याज धरले असेल.
- फरक २७५ रुपयांचा असेल तर पैसे काढल्याचा महिना चुकला आहे.

मालकाच्या रकान्यात तुमचे उत्तर ५६७ रुपयांनी जास्त येत असेल, तर पेन्शनचे १,२५० त्यात मिसळले गेले आहेत. तुमच्या खात्याचे ठसे वेगळ्या रकमांचे असतील, पण काढायची रीत हीच: संशयित रक्कम गुणिले चुकलेले महिने, गुणिले दर, भागिले १२००.

यातला एकही ठसा जुळला नाही, तर दुसऱ्या टप्प्यात पेन्सिलने खूण केलेल्या उशिराच्या ओळीकडे वळा. वर्षाच्या मध्यात जुन्या आयडीवरून रक्कम आली असेल तर तेही कारण असू शकते. अशा वेळी जुन्या कार्यालयाकडचे हस्तांतराचे विवरण, ज्याला परिशिष्ट के म्हणतात, घेऊनच पुढे जा. त्यात मुद्दल आणि व्याज कोणत्या तारखेपर्यंत धरले ते असते. ते हाती नसताना अंदाजाने महिने घालू नका.

## ९. चूक खरोखर पासबुकाची असेल तर

आधी ठरवा की चूक कुणाची. जमेची ओळच नसेल किंवा पगाराच्या पावतीवरून आकडा कमी असेल, तर ते मालकाचे काम. कंपनीच्या पगार विभागाला त्या महिन्याच्या भरण्याची चलन-पावती मागा. जमा बरोबर आहेत आणि फक्त व्याज चुकले किंवा आले नाही, तर तक्रार पीएफ कार्यालयाकडे करायची. हा फरक न करता सरळ कार्यालयात गेलेल्या माणसाला "कंपनीला विचारा" असे सांगून परत पाठवतात, आणि त्यांचे म्हणणे बहुधा बरोबर असते.

ऑनलाइन तक्रार `epfigms.gov.in` वर नोंदवता येते. यूएएन टाकल्यावर मेंबर आयडी निवडायला येतो. इथे जो आयडी चुकला आहे तोच निवडा. `PUPUN` च्या खात्याचे व्याज अडले असेल आणि तुम्ही `MPIND` निवडले, तर तक्रार इंदूरला येईल आणि इंदूरवाले त्यात काही करू शकणार नाहीत. राहता कुठेही, खाते ज्या कार्यालयाचे त्याच कार्यालयाने सुधारायचे असते.

तक्रारीत "व्याज कमी मिळाले" एवढेच लिहिले तर उत्तर येते की व्याज नियमानुसार जमा झाले आहे, आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी असे लिहा: "२०२४-२५, सदस्याचा हिस्सा. सुरुवातीची शिल्लक २,१०,०००. बारा महिन्यांच्या व्याजाच्या शिल्लकांची बेरीज २४,७५,७६०. ८.२५ टक्क्यांनी व्याज १७,०२१ हवे, पासबुकात इतके आहे. फरक इतका. तक्ता सोबत जोडला आहे." सोबत पासबुकाची पीडीएफ आणि तुमचा तक्ता, दोन्ही जोडा. तपासणाऱ्या बाबूला आता तुमचा एक आकडा खोडून काढावा लागतो किंवा मान्य करावा लागतो.

समोरासमोर बोलायचे असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात "निधी आपके निकट" हे शिबिर भरते. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे आधार, यूएएन, छापलेले पासबुक आणि तक्रार आधी नोंदवली असेल तर तिचा क्रमांक घेऊन जा. तक्त्याच्या दोन प्रती ठेवा, एक त्यांच्याकडे द्यायला आणि एकीवर पोच घ्यायला.